एका खुणेत एकच गोष्ट : संक्रांतीच्या वडीसाठी पाच पोस्ट

प्रश्न : आम्ही तिघी जावा तासगावात घरगुती पदार्थ करतो. संक्रांतीला तीळ आणि बेदाण्याची वडी आणतोय, 20 वड्यांचा 250 ग्रॅमचा डबा, 180 रुपये. साखर नाही, गूळ नाही. वडी दाखवण्याआधी 'ओळखा पाहू' अशा पोस्ट टाकायच्या आहेत. मागे एका चटणीसाठी 'लवकरच येतंय काहीतरी खास' असं चार दिवस टाकलं, तर घरच्यांशिवाय कुणी काही लिहिलं नाही. किती पोस्ट टाकाव्यात, कधी टाकाव्यात आणि कॅप्शनमध्ये नेमकं काय लिहावं?

उत्तर :

'काहीतरी खास' वाचल्यावर माणसाच्या मनात कसलाच अंदाज तयार होत नाही. तो चटणीचा विचार करील, साडीचा करील, नाहीतर कसलाच न करता बोट पुढे सरकवील. अंदाज बांधायला आधी शक्यता थोड्या असाव्या लागतात. म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये हा खाण्याचा पदार्थ आहे हे उघड सांगून टाका. कुतूहल 'कोणता पदार्थ' याचं असू द्या, 'कसली गोष्ट' याचं नको.

कॅप्शन लिहायला बसण्याआधी एका कागदावर लोक काय काय ओळखू शकतील त्याची यादी करा. सांगली जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरातून जानेवारीत नवं काही येतंय म्हटल्यावर साधारण ही नावं येतील : हळद, बेदाणे, भडंग, शेंगदाण्याची चटणी, काकवी, लोणचं, चिक्की, तिळाचे लाडू, गुळाची पोळी, खजुराचे लाडू. आता प्रत्येक खुणेने यातली काही नावं खोडली जायला हवीत. ज्या खुणेने एकही नाव खोडलं जात नाही ती खूणच नाही. 'चवीला अप्रतिम', 'आजीच्या हातची आठवण', 'प्रेमाने बनवलेलं' या वाक्यांनी यादीतलं काय खोडलं जातं ते पाहा. काहीच नाही. खूण म्हणून ती निरुपयोगी आहेत.

तुमच्यासाठी पाच खुणा आणि सहावी उघड करण्याची पोस्ट एवढं पुरे. त्यापेक्षा जास्त ताणलं तर तिळगुळाची खरेदी लोक दुसरीकडे करून मोकळे होतात. संक्रांत 14 जानेवारीला धरली तर वडी 6 तारखेला उघड करा, म्हणजे पुण्या-मुंबईचं कुरिअर पोचायला आणि ऑर्डरी 10 तारखेपर्यंत घ्यायला जागा राहते. खुणा 27 आणि 29 डिसेंबर, मग 2, 4 आणि 5 जानेवारी. 31 डिसेंबर आणि 1 जानेवारी मुद्दाम सोडलेत. त्या दोन दिवसांत शुभेच्छांच्या चित्रांत तुमची खूण कुणाला दिसणार नाही.

आता क्रम. खुणा घट्ट होत जायला हव्यात : पहिली सैल, शेवटची जवळजवळ उत्तराजवळ नेणारी. तुमच्या वडीबद्दल सांगण्यासारख्या पाच गोष्टी मला अशा दिसतात : ती एका घासाची आहे, तिला पाक लागत नाही, तिच्यात तीळ आहेत, बेदाणा आहे आणि ती हळदी-कुंकवाला देता येते. याच क्रमाने जाऊ.

> खूण 1. हा नवा पदार्थ एका घासाचा आहे. चमचा लागत नाही, वाटी लागत नाही. दारात चप्पल घालता घालता तोंडात टाकता येतो. काय असेल? एकच नाव लिहा. 6 जानेवारीला सकाळी 9 वाजता झाकण उघडू.

या एका खुणेने हळद, भडंग, चटणी, काकवी, लोणचं आणि पोळी एका झटक्यात बाहेर गेली. उरले लाडू, चिक्की, बेदाणे आणि तशाच वस्तू. 'एकच नाव लिहा' हे महत्त्वाचं आहे. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं की उत्तरादाखल फक्त हसरे चेहरे येतात.

कॅप्शनमध्ये 'पदार्थ' हा शब्द का धरलाय तेही सांगते. आपल्या भाषेत क्रियापदच उत्तर फोडतं. 'येतेय', 'तयार झालीय' असं लिहिलंत की लाडू आपोआप बाद होतो आणि वडी किंवा चिक्की उरते. बारकाईने वाचणाऱ्या बायका हे लगेच पकडतात. त्यामुळे पाचही कॅप्शनमध्ये कर्ता 'पदार्थ' ठेवा आणि क्रियापदं त्यालाच जुळू द्या. घरातल्या कुणी कमेंटला उत्तर देताना 'ती बघाल तर खूश व्हाल' असं लिहिणार नाही याचीही काळजी घ्या. फुटण्याची जागा बहुतेक वेळा कॅप्शन नसते, घाईत दिलेलं उत्तर असतं.

> खूण 2. गोड आहे, पण पाक करावा लागत नाही. एकतारी नाही, गोळीबंद नाही, काहीच नाही. (एका घासाचा आहे हे आधी सांगितलंय.) तुमच्याकडे पाक चुकला की काय होतं, दगड की भुगा?

इथे तुमचा हात 'साखर नाही, गूळ नाही' असं लिहायला शिवशिवेल, कारण तुमच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा गुण आहे. ते लिहू नका, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. बेदाण्याच्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. अन्नपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांबद्दल अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत. त्यांनुसार साखर घातलेली नाही असा दावा करायचा तर साखरेच्या जागी गोडीसाठी दुसरा साखरयुक्त घटकही वापरलेला चालत नाही. तुमच्या वडीत बेदाणा नेमकं तेच काम करतो. 'शुगर फ्री' तर त्याहून लांबची गोष्ट. नियम बाजूला ठेवला तरी कोड्यात 'साखर नाही' वाचून मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी कुणी दोन डबे मागवले, तर तो खेळ राहत नाही. 'पाक करावा लागत नाही' हे मात्र शंभर टक्के खरं आहे, कृतीबद्दल आहे आणि आरोग्याचा कसलाच दावा त्यात नाही. शिवाय पाक हा विषय असा आहे की प्रत्येक घरात त्यावर मत आहे, त्यामुळे कमेंटमध्ये बोलायला लोकांना काहीतरी मिळतं.

याच कारणासाठी 'कसलंही केमिकल नाही' हेही टाळा. बेदाण्यासाठी द्राक्षं रॅकवर वाळत घालण्याआधी डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, आणि पिवळाधमक रंग हवा असेल तर गंधकाची धुरीही देतात. हे तुमच्या शेजारच्या शेडवाल्यालाही माहीत आहे आणि तो कमेंटमध्ये लिहू शकतो. धुरी दिलेला बेदाणा वापरत असाल तर सल्फाइटचं प्रमाण किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त असल्यास लेबलवर तसा उल्लेख करावा लागतो, तेव्हा माल घेतानाच विचारून ठेवा.

> खूण 3. यातला एक जिन्नस भोगीच्या दिवशी भाकरीवर बसतो. (एका घासाचा, गोड, पाक नाही.) तुमच्याकडे भोगीची भाकरी बाजरीची की ज्वारीची?

ही खूण तीळ सांगते, पण तीळ हा शब्द लिहीत नाही. ओळखणाऱ्याला दोन पावलं चालावी लागतात : भोगी, मग भाकरी, मग तीळ. खुणेत एवढंच अंतर असावं. एकाच पावलाची खूण म्हणजे सरळ उत्तर झालं, आणि तीन-चार पावलं चालावी लागली तर लोक मध्येच सोडून देतात. या टप्प्यावर बहुतेक जण 'तिळाचे लाडू' किंवा 'तिळगूळ' लिहितील आणि लगेच कुणीतरी 'पण पाक नाही म्हणाल्या ना?' असं विचारील. दुसऱ्या खुणेची खरी कमाई इथे दिसते. लोक तुमच्याशी नाही, एकमेकांशी बोलायला लागतात.

> खूण 4. यातला दुसरा जिन्नस साधारण 4 किलोचा 1 किलो होऊन आमच्या घरात येतो. (एका घासाचा, गोड, पाक नाही, एक जिन्नस भोगीच्या भाकरीवरचा.) तासगावकरांनो, तुम्ही दुपारपर्यंत दम धरा, पुणेकर-मुंबईकरांना आधी लिहू द्या.

पाचांमधली ही सगळ्यात चांगली खूण आहे आणि सगळ्यात धोक्याचीही. 4 किलो द्राक्षांचा सुमारे 1 किलो बेदाणा होतो हे बागायतदाराच्या घरात लहान पोरालाही पाठ असतं, मात्र कोथरूडला राहणाऱ्या बाईला ते माहीत असेलच असं नाही. म्हणजे एकच खूण एका गटाला उत्तर आहे आणि दुसऱ्याला कोडं. ती पहिल्या दिवशी टाकली असती तर अर्ध्या तासात तासगावातून 'बेदाणा' आला असता आणि पुढच्या चारही पोस्ट वाया गेल्या असत्या. चौथ्या क्रमांकावर मात्र ती स्थानिक माणसाला मिरवायची संधी देते. 'साधारण' हा शब्द गाळू नका. द्राक्षात गोडी किती उतरली आहे त्यावर उतारा कमी-जास्त होतो, आणि ज्याच्या शेडवर साडेचार किलोला एक किलो पडला तो तुम्हाला चूक ठरवायला बसलेलाच असतो.

'सांगलीचा मानांकित बेदाणा' असं लिहायचा मोह इथे होईल. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं आहे. पण ते नाव मालावर किंवा जाहिरातीत वापरायचं तर वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती तुमची किंवा तुमच्या पुरवठादाराची नसेल तर 'तासगावच्या शेडवरचा बेदाणा' एवढंच पुरेसं आहे, आणि तेही सहाव्या पोस्टमध्ये.

> खूण 5. एका डब्यात 20 आहेत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकवाला येणाऱ्या 20 जणींच्या हातावर एकेक ठेवता येईल. शेवटचा अंदाज आज रात्री 10 पर्यंत मेसेजमध्ये पाठवा. उद्या सकाळी 9 वाजता नाव, भाव आणि डबा.

शेवटची खूण ओळखण्यापेक्षा विकत घेण्याकडे वळवणारी असावी. 20 हा आकडा वाचल्यावर बाई मनातल्या मनात आपल्या हळदी-कुंकवाच्या बायका मोजायला लागते, म्हणजे उद्याच्या ऑर्डरीतले डबे ती आजच मोजून ठेवते. अंदाज मेसेजमध्ये मागवायचं कारण साधं आहे. कमेंटमध्ये पहिलं बरोबर उत्तर आलं की बाकीचे तेच खाली उतरवतात आणि बक्षीस कुणाला द्यायचं हा वाद होतो. मेसेजला वेळ असते आणि तो बाकीच्यांना दिसत नाही. बक्षीस एक डबा ठेवा, आणि 'मेसेजमधलं पहिलं बरोबर उत्तर' हा नियम पहिल्या पोस्टखालीच लिहून टाका. बरोबर म्हणजे काय तेही ठरवा : तीळ आणि बेदाणा दोन्ही नावं आली तर बरोबर. लाडू म्हटलं की वडी यावर अडून बसू नका.

फोटोतही तीच शिस्त हवी. कॅप्शन जेवढं सांगतं तेवढंच फोटो सांगेल. पहिल्याला रिकामी वाटी आणि पालथा चमचा. दुसऱ्याला कोरडी, स्वच्छ कढई. तिसऱ्याला भाकरी, पण तीळ न लावलेली. चौथ्याला तराजूच्या एका पारड्यात 1 किलोचं वजन, दुसऱ्यात 4 किलोची, बाकी काही नाही. पाचव्याला हळदी-कुंकवाचं ताट, मधली जागा रिकामी. मागे ओट्यावर बेदाण्याची पिशवी किंवा डब्याचं लेबल राहिलंय का, हे फोटो मोठा करून तपासा. हॅशटॅगमध्येही #तिळगूळ, #बेदाणा यायला नकोत.

खुणेचा मजकूर आणि क्रमांक फोटोवरही मोठ्या अक्षरात लिहा. तुमचं बरंचसं गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर असणार, आणि तिथे चित्र एका ग्रुपमधून दुसऱ्यात जाताना कॅप्शन मागे राहू शकतं. स्टेटस 24 तासांत जातं, म्हणजे तिसरी खूण पाहणाऱ्याने पहिली पाहिलेलीच नसते. कॅप्शनमध्ये कंसात मागच्या खुणा परत दिल्या आहेत त्या याचसाठी. इन्स्टाग्रामवर तर लोक उलटे वाचतात, सगळ्यात नवी पोस्ट आधी, आणि कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. म्हणून 'नमस्कार मैत्रिणींनो' वगैरे वर न घेता 'खूण 3' नेच सुरुवात करा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एका यादीत 256 नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. डिसेंबरच्या सुरुवातीलाच जुन्या गिऱ्हाइकांना नंबर सेव्ह करायला सांगून ठेवा.

टाकण्याआधी एक चाचणी घ्या. वडीबद्दल काहीच माहीत नसलेली सहा माणसं निवडा, त्यांतली तीन तासगाव-सांगलीची आणि तीन बाहेरची. पाच कॅप्शन एकेक करून वाचून दाखवा आणि प्रत्येकीनंतर एक अंदाज कागदावर लिहून घ्या. तिसऱ्या खुणेपर्यंत एखाद्याला उत्तर आलं तर चालेल, तिघांना आलं तर क्रम बदला. पाचवीनंतरही निम्म्यांना येत नसेल तर चौथी खूण अवघड आहे, तिथे 'रॅकवर साधारण दोन आठवडे वाळतो' एवढं जोडा. लागोपाठ दोन खुणांनंतर अंदाज अजिबात बदलले नाहीत, तर त्या दोनांतली नंतरची खूण काही खोडत नाहीये. ती काढून टाका, चार खुणांवर भागवा.

पहिली खूण टाकण्याच्या दिवशी कृती, वजन, डबा आणि लेबल कायम झालेलं हवं. बेदाणा फार कोरडा निघाला, वडी बांधली जाईना, आणि एका जावेने हाताशी असलेला गुळाचा पाक थोडा घातला, की दुसरी खूण खोटी ठरली. 250 ग्रॅमात 20 म्हणजे वडी साडेबारा ग्रॅमची. साचा बदलून ती 15 ग्रॅमची झाली तर डब्यात सोळा-सतराच बसतील आणि पाचवी खूण पडेल. दहा दिवस लोकांना खुणा देऊन शेवटी एक जरी चुकीची निघाली, तर पुढच्या वेळी तुमच्या कोड्यावर कुणी डोकं चालवणार नाही.

बरोबर उत्तर लवकर आलं तर कमेंट पुसू नका, नाकारू नका आणि त्याच एका कमेंटवर हृदयही टाकू नका, ते तर कबुलीच आहे. सगळ्या अंदाजांना एकच ठरलेलं उत्तर द्या : 'नोंद केली, 6 तारखेला कळेल.' घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच पोस्टखाली एखादी आत्या 'वडी छान झाली होती गं' असं प्रेमाने लिहून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या खुणेलाच बरोबर उत्तर दहा-बारा जणांनी लिहिलं, तर उरलेल्या खुणा ओढत बसू नका. पुढच्या सकाळीच वडी दाखवा. फुटलेलं कोडं चार दिवस चालवलं की लोकांना आपण मूर्ख ठरतोय असं वाटतं.

उघड करण्याच्या पोस्टमध्ये प्रत्येक खूण मिटवायची असते :

> तीळ-बेदाणा वडी! पाक नाही, कारण गोडी बेदाण्याची. भोगीच्या भाकरीवरचे ते तीळ, आणि 4 किलोचा 1 किलो होतात ती द्राक्षं. 250 ग्रॅम, 20 वड्या, 180 रुपये. तासगाव आणि सांगलीत घरपोच, बाहेरगावी कुरिअर वेगळं. ऑर्डर 10 जानेवारीपर्यंत, याच नंबरवर 'वडी' आणि डब्यांची संख्या लिहून पाठवा. बेदाण्यात फळाची साखर असते, मधुमेह असलेल्यांनी इतर गोडासारखीच मोजून खावी.

पहिला फोटो वडीचा, मधून मोडलेली, आत बेदाणा दिसेल अशी. दुसरा डब्याच्या मागच्या बाजूचा, ज्यात घटक, वजन, तारीख आणि 14 अंकी परवाना क्रमांक स्पष्ट वाचता येतो. साखर नसल्याबद्दल विचारणारे इथे येतीलच. त्यांना वेगळी साखर किंवा गूळ घातलेला नाही, पण गोडी बेदाण्यातल्या साखरेचीच आहे, अशी दोन्ही वाक्यं एकत्रच लिहा. पहिलं वाक्य एकटं सोडू नका.

ज्यांनी अंदाज पाठवला त्या प्रत्येकाला त्याच दिवशी मेसेज करा, चुकलेल्यांनाही. 'तुम्ही खजुराचा लाडू म्हणालात, पाक नाही हे बरोबर धरलंत, फक्त फळ वेगळं निघालं' अशी एक ओळ आणि खाली वडीचा फोटो. ज्याने डोकं चालवलंय त्याला डबा बघायचा असतोच, त्यामुळे सगळ्यांना एकच जाहिरात पाठवण्यापेक्षा या मेसेजवर जास्त वेळ द्या. आणि ही पोस्ट प्रोफाइलवर वर पिन करून पाचही जुन्या खुणांच्या कॅप्शनमध्ये पहिल्या ओळीत 'उत्तर : तीळ-बेदाणा वडी, ऑर्डर सुरू' असं घाला. त्या पोस्ट रथसप्तमीपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या समोर येत राहतात, आणि तेव्हा कोडं नको असतं, नंबर हवा असतो. 10 तारखेनंतर तिथली 'ऑर्डर सुरू' ही ओळ शिल्लक डब्यांप्रमाणे बदलत राहा.